रक्कम साठवावी पैशांत

संगणकात अपूर्णांक साठवण्याची जी सर्वांत रूढ पद्धत आहे, तिच्यात दहा पैसे अचूक लिहिता येत नाहीत. या पद्धतीला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. तिचे नियम १९८५ साली आयईईई ७५४ या मानकाने घालून दिले आणि आज जवळपास प्रत्येक प्रोसेसर ते पाळतो. संख्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, आणि ठरावीक लांबीत बसवायची असते. नेहमीच्या ६४ बिटांच्या संख्येला ५३ बिटांइतकी अचूकता मिळते. बायनरीत चिन्हाच्या उजवीकडची घरे अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश अशी निम्म्या-निम्म्याने लहान होत जातात. ज्या अपूर्णांकाचा छेद केवळ दोनदोनच्या गुणाकाराने तयार झाला आहे, तोच या घरांत नेमका बसतो. एक दशांशाच्या छेदात पाच दडलेले असल्याने तो बसत नाही. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहू गेल्यास ०.३३३ चे शेपूट संपत नाही, तसे बायनरीत एक दशांशाचे संपत नाही. ५३ बिटांनंतर ते तोडावे लागते आणि स्मृतीत प्रत्यक्षात ०.१००००००००००००००००५५५ अशी काहीशी संख्या जाऊन बसते.

रुपयाच्या बाबतीत याचा हिशेब सोपा आहे. शून्य ते नव्याण्णव पैशांपर्यंतच्या शंभर रकमांपैकी फक्त चार अचूक बसतात: ०, २५, ५० आणि ७५ पैसे. उरलेल्या शहाण्णव रकमा अंदाजाने साठवल्या जातात. गंमत अशी की, १ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया संगणकाला जास्त मानवला असता. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. सोळा आणि चौसष्ट हे दोन्ही दोनच्या गुणाकारातून आलेले असल्याने आणा आणि जुना पैसा बायनरीत तंतोतंत लिहिता येतो. पैशाला तीन पया असत. पईशी मात्र तिथेही गाडी अडली असती. शंभर पैशांचा रुपया माणसांच्या हिशेबाला सोयीचा झाला, आणि फ्लोटिंग पॉइंटच्या दृष्टीने तेवढाच गैरसोयीचा.

एका रकमेतली चूक इतकी बारीक असते की छापताना ती दिसतच नाही, म्हणून हा दोष अनेक महिने लपून राहू शकतो. तो उघडा पडतो तो बहुधा बेरीज-वजाबाकीनंतर दोन रकमा एकमेकींशी ताडून पाहताना. जावास्क्रिप्ट, पायथन, जावा अशा कोणत्याही प्रचलित भाषेत पुढील उत्तरे येतात:

```
0.1 + 0.2              →  0.30000000000000004
0.3 - 0.1 - 0.1 - 0.1  →  -2.7755575615628914e-17
19.99 * 100            →  1998.9999999999998
```

दुसऱ्या ओळीत तीस पैशांचे देणे दहा-दहा पैशांच्या तीन हप्त्यांत फेडले आहे. बाकी शून्य व्हायला हवी. ती शून्याहून किंचित कमी उरते. “बाकी शून्य असेल तर खाते बंद करा” अशी अट प्रोग्रॅममध्ये असल्यास ते खाते कधीच बंद होणार नाही, आणि पडद्यावर पाहणाऱ्याला मात्र ०.०० किंवा -०.०० एवढेच दिसेल. खातेदाराला थकबाकीची सूचना जाते आणि तिच्यात थकबाकी शून्य लिहिलेली असते, असा चमत्कारिक प्रकार बहुधा इथूनच उद्भवतो.

तिसरी ओळ अधिक धोक्याची. ₹१९.९९ ला शंभराने गुणून पैसे काढायचे आणि अपूर्णांक छाटून टाकायचा, असे लिहिलेले असेल तर १९९९ ऐवजी १९९८ हाती येतात. इथे चूक बारीक राहत नाही, सरळ एक पैसा जातो. सगळ्याच रकमांना हे होत नाही. काही किमतींना होते, काहींना नाही. त्यामुळे चाचणीसाठी निवडलेल्या चार किमती बरोबर आल्या म्हणून प्रोग्रॅम बरोबर ठरत नाही.

रकान्याचा प्रकार निवडताना आणखी एक घात होतो. मायएसक्यूएलमधला `FLOAT` आणि पोस्टग्रेसमधला `REAL` हे ३२ बिटांचे प्रकार आहेत आणि त्यांची अचूकता अवघी २४ बिटांची. रक्कम जसजशी मोठी होते, तसतशी लगतच्या दोन साठवता येण्याजोग्या संख्यांमधली फट रुंदावत जाते. ₹१,३१,०७२ ओलांडले की ही फट रुपयाच्या चौसष्टाव्या भागाइतकी, म्हणजे दीड पैशाहून थोडी जास्त होते. मग ₹१,५०,०००.०९ आणि ₹१,५०,०००.१० या दोन्ही रकमा १५००००.०९३७५ या एकाच संख्येवर जाऊन बसतात. दोघींतला फरक डेटाबेसमध्ये उरतच नाही, आणि नंतर कोणतेही गणित करून तो परत मिळवता येत नाही. ६४ बिटांच्या प्रकारात ही वेळ व्यवहारातल्या रकमांवर येत नाही, पण तिथेही बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात. ०.१, ०.२ आणि ०.३ यांची बेरीज डावीकडून केल्यास ०.६००००००००००००००१ येते, उजवीकडून केल्यास ०.६. मोठ्या तक्त्याची बेरीज डेटाबेस अनेक तुकड्यांत वाटून करतो तेव्हा तुकडे कोणत्या क्रमाने जोडले जातील याची हमी नसते. त्यामुळे त्याच नोंदींचा तोच अहवाल दोनदा काढला तर एकूण रकमेचे शेवटचे अंक वेगळे निघू शकतात.

यावरचा उपाय अपूर्णांकच टाळण्याचा आहे. रक्कम रुपयांत न साठवता चलनाच्या सर्वांत लहान एककात, भारतात पैशांत, पूर्णांक म्हणून साठवायची. ₹१९.९९ म्हणजे १९९९, ₹१,५०,०००.१० म्हणजे १५००००१०. पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी आणि तुलना संगणकात नेमकी होते. क्रम बदलून उत्तर बदलत नाही आणि फिटलेल्या कर्जाची बाकी खरोखर शून्य होते. ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवाही हीच रीत पाळतात: रेझरपे किंवा स्ट्राइपला ₹५०० मागायचे असतील तर त्यांच्याकडे ५०००० ही संख्या पाठवावी लागते.

```
CREATE TABLE vyavahar (
  id            BIGINT PRIMARY KEY,
  rakkam_paise  BIGINT  NOT NULL,
  chalan        CHAR(3) NOT NULL
);
```

इथे रकान्याच्या नावातच एकक लिहिले आहे, ते मुद्दाम. या पद्धतीतली सर्वांत महागडी चूक म्हणजे कोणीतरी पैसे हे रुपये समजून वाचणे किंवा त्याच्या उलट, आणि ती चूक थेट शंभर पटीची असते. `rakkam` एवढेच नाव ठेवले तर नव्याने आलेल्या प्रोग्रॅमरला ती चूक करायला दोन दिवसही लागत नाहीत. `BIGINT` घेण्यालाही कारण आहे. साध्या ३२ बिटांच्या `INT` मध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ पैसे मावतात, म्हणजे सुमारे दोन कोटी पंधरा लाख रुपये. किराणा दुकानाच्या एका बिलाला ते पुरतील. शहरातल्या एखाद्या फ्लॅटच्या व्यवहाराला पुरतीलच असे नाही. `BIGINT` ची मर्यादा ९२२ कोटी कोटी रुपयांच्या घरात आहे. मात्र जावास्क्रिप्टमधली नेहमीची संख्या मुळात ६४ बिटांची फ्लोटिंग पॉइंटच असते. तिच्यात पूर्णांक सुमारे ९० लाख कोटी रुपयांइतक्या पैशांपर्यंतच बिनचूक राहतात. व्यवहारात हे पुष्कळ झाले.

डेटाबेसमध्ये `DECIMAL` किंवा `NUMERIC` नावाचा प्रकार असतो आणि तो दशांश रक्कम अचूक ठेवतो. मग पूर्णांकाचा आग्रह कशाला, हा प्रश्न रास्त आहे. डेटाबेसच्या आत `DECIMAL(14,2)` मध्ये काहीही खोट नाही, आणि सगळे हिशेब तिथेच होत असतील तर तो उत्तम पर्याय आहे. अडचण सुरू होते ती रक्कम बाहेर पडल्यावर. ती जेसन स्वरूपात वेबपानापर्यंत संख्या म्हणून गेली की जावास्क्रिप्ट तिला पुन्हा फ्लोटिंग पॉइंट करून टाकते. शिवाय मोबाइल ॲपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसक्यूलाइटमध्ये अचूक दशांशाचा प्रकारच नाही. तिथे रकान्याला `DECIMAL` म्हटले तरी १९.९९ ही रक्कम आतून फ्लोटिंग पॉइंट म्हणूनच ठेवली जाते. पूर्णांक मात्र डेटाबेस, सर्व्हर, फाइल आणि फोन यांतून फिरून जसाच्या तसा परत येतो.

रक्कम आत येते आणि बाहेर जाते ती दोन दारे तेवढी सांभाळावी लागतात. ग्राहकाने चौकटीत `19.99` लिहिले, तर त्या मजकुराची आधी दशांश संख्या करून मग शंभराने गुणणे म्हणजे टाळलेली चूक पुन्हा घरात घेणे. मजकूर टिंबापाशी तोडावा, डावा भाग रुपये, उजवा भाग पैसे. उजवीकडे एकच अंक असेल तर त्यापुढे शून्य जोडावे, दोनांहून अधिक असतील तर रक्कम नाकारावी. बाहेर दाखवताना भागाकार आणि बाकी वापरावी. १००२०५ पैशांना शंभराने भागले की भागाकार १००२ आणि बाकी ५. ही बाकी दोन अंकी करून छापावी लागते. तसे केले नाही तर ₹१००२.०५ चे ₹१००२.५ होऊन बसतात आणि ग्राहक ते साडे एक हजार दोन असे वाचतो.

इथपर्यंत सारे सरळ आहे. खरा विचार करावा लागतो तो गुणाकार-भागाकाराच्या वेळी, कारण पूर्णांकांनी साठवणीतली चूक जाते, वाटणीचा प्रश्न जात नाही. शंभर रुपये तिघांत वाटले तर प्रत्येकी ३३३३ पैसे येतात आणि एक पैसा उरतो. फ्लोटिंग पॉइंटमध्ये हा पैसा दशांशांच्या गर्दीत हरवतो. पूर्णांकात तो बाकी म्हणून समोर उभा राहतो आणि त्याचे काय करायचे ते ठरवावेच लागते. मार्टिन फाउलर यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात याची साधी रीत दिली आहे: आधी सर्वांना समान भाग द्यायचा आणि उरलेले पैसे पहिल्यापासून एकेक वाटत जायचे. मग तिघांना ३३३४, ३३३३ आणि ३३३३ मिळतात आणि बेरीज पुन्हा बरोबर १०००० होते. हप्ते पाडताना अनेकजण उरलेला पैसा शेवटच्या हप्त्यात घालतात. कोणताही नियम चालतो. तो एकच असावा आणि बेरीज मूळ रकमेइतकी यावी, एवढ्या दोन गोष्टी सोडता येत नाहीत.

कराच्या हिशेबात हाच प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात येतो. टक्केवारीही पूर्णांकातच ठेवता येते. टक्क्याचा शंभरावा भाग हे एकक धरले तर अडीच टक्के म्हणजे २५०, नऊ टक्के म्हणजे ९००. रक्कम आणि दर गुणून दहा हजाराने भागायचे. भागण्यापूर्वी पाच हजार मिळवले की अर्धा पैसा किंवा जास्त असेल तिथे वरचा पैसा धरला जातो:

```
kar = (rakkam_paise * dar + 5000) / 10000
```

समजा, बिलात ₹१२.९५ च्या तीन वस्तू आहेत आणि प्रत्येकीवर अडीच टक्के केंद्रीय आणि अडीच टक्के राज्य जीएसटी लागतो. एका वस्तूवरचा केंद्रीय कर ३२.३७५ पैसे, पूर्ण केल्यावर ३२. तीन वस्तूंचे ९६. तिन्हींची किंमत आधी एकत्र केली तर ३८८५ पैशांवर ९७.१२५, म्हणजे ९७ पैसे. राज्याच्या करातही तेवढाच फरक, म्हणून एका छोट्या बिलात दोन पैशांची तफावत. यांतले कोणतेही उत्तर गणिताची चूक नाही. ओळीगणिक पूर्ण करायचे की एकूण रकमेवर, हा निर्णय आहे आणि तो बिल छापणारा भाग आणि महिन्याचा अहवाल काढणारा भाग या दोघांनी एकच घ्यायला हवा. दुकानातला प्रोग्रॅम ओळीगणिक आणि हिशेबनीसाचा तक्ता एकूण रकमेवर, असे झाले की दर महिन्याला काही पैशांचा फरक निघतो आणि तो शोधण्यात रुपयांहून जास्त किमतीचा वेळ जातो. काही ठिकाणी हा निर्णय कायद्यानेच केलेला असतो. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७० कराची रक्कम जवळच्या रुपयावर आणायला सांगते, पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर वर. अशा वेळी हिशेब पैशांत करून शेवटच्या टप्प्यावर रुपयाला आणावा आणि तो फरक बिलात ‘राउंड ऑफ’ म्हणून वेगळ्या ओळीत नोंदवावा.

वरच्या सूत्रात एक सापळा आहे. ग्राहकाने वस्तू परत केली आणि परताव्याची नोंद ऋण रकमेने केली, तर -१२९५ गुणिले २५० अधिक ५००० म्हणजे -३१८७५०. त्याला दहा हजाराने भागताना जावा किंवा पोस्टग्रेस शून्याच्या दिशेने छाटतात आणि उत्तर -३१ येते. पायथनचा पूर्णांकी भागाकार खालच्या दिशेने जातो आणि -३२ देतो. विकताना ३२ पैसे कर लावला होता, परत करताना ३१ च उलटवला. एक पैसा खात्यात कायमचा लटकला. म्हणून करगणित नेहमी धन रकमेवर करावे आणि चिन्ह शेवटी लावावे. परताव्यासाठी त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे कर पुन्हा मोजूच नये. मूळ बिलावर नोंदलेला आकडा तसाच उलटवावा.

आणखी एक मर्यादा व्याजाच्या हिशेबात दिसते. बचत खात्यावरचे व्याज १ एप्रिल २०१० पासून भारतात रोजच्या शिलकीवर मोजले जाते. दहा हजार रुपयांवर तीन टक्क्यांनी दिवसाचे व्याज ८२.१९ पैसे होते. ते रोज पूर्ण पैशात साठवले तर वर्षाला ८२ गुणिले ३६५, म्हणजे ₹२९९.३० होतात आणि खातेदाराचे सत्तर पैसे जातात. पूर्णांक वापरले तरी चुकीच्या जागी पूर्ण केल्याने तोटा होतोच. जुन्या बँकांच्या वहीत याचे उत्तर होते. तिथे शिल्लक आणि दिवस यांचा गुणाकार साठवत जात आणि दर शेवटी एकदाच लावत. दहा लाख पैसे गुणिले ३६५ दिवस म्हणजे ३६,५०,००,०००. त्याला ३०० ने गुणून आधी दहा हजाराने आणि मग ३६५ ने भागले की ३०,००० पैसे, बरोबर तीनशे रुपये. म्युच्युअल फंडाच्या युनिटचे मूल्य चार दशांशांपर्यंत जाहीर होते, तेही अशाच रीतीने रुपयाच्या दहा हजाराव्या भागात, वेगळ्या रकान्यात ठेवावे. दर बारीक एककात, देयक रक्कम पैशांत, आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर फक्त एका ठिकाणी.

तक्त्यातल्या चलनाच्या रकान्याची गरज परदेशी रकमा आल्या की पटते. सर्वच चलनांचे शंभर भाग होत नाहीत. आयएसओ ४२१७ या मानकात प्रत्येक चलनाचे दशांश दिलेले आहेत: रुपयाला दोन, जपानी येनला एकही नाही, कुवेती दिनार आणि ओमानी रियाल यांना तीन. आखातात नोकरीला असलेल्या गोवा-कोकणातल्या माणसाने घरी पाठवलेल्या पैशाची नोंद करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १२५०० ही संख्या रुपयांत ₹१२५ असते, कुवेती दिनारात साडेबारा दिनार, आणि येन असेल तर साडेबारा हजार येन. ‘शंभराने भागा’ हे वाक्य प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी लिहिलेले असेल तर दिनाराची रक्कम दहापट दिसू लागते. भाजक चलनाच्या संकेतावरून काढावा.

जुन्या प्रोग्रॅममधल्या फ्लोटिंग पॉइंट रकमा पैशांत आणताना जुना रकाना लगेच पुसू नये. शेजारी नवा `BIGINT` रकाना करावा आणि त्यात जुनी रक्कम शंभराने गुणून, छाटून नव्हे तर जवळच्या पूर्णांकावर आणून, भरावी. त्यानंतर गुणाकार आणि पूर्णांक यांतला फरक पैशाच्या हजाराव्या भागाहून अधिक आहे अशा नोंदी वेगळ्या काढाव्यात. तो फरक फ्लोटिंग पॉइंटच्या नेहमीच्या चुकीहून फार मोठा असल्याने त्या नोंदींत बहुधा कधीच पूर्ण न केलेला कर किंवा व्याज सापडते. त्या हाताने तपासाव्या लागतात. जुना रकाना ३२ बिटांचा असेल तर लाखाच्या पुढच्या रकमांवर विसंबू नये, त्या मूळ पावत्यांवरून पुन्हा घ्याव्यात. नव्या रकान्याची खातेनिहाय बेरीज शेवटी छापील अहवालांशी ताडली की काही खात्यांत एक-दोन पैशांचा फरक निघेल. तो नव्या आकड्यांत मिसळून लपवण्यापेक्षा रूपांतराच्या तारखेची एक स्वतंत्र ‘राउंड ऑफ’ नोंद करून दाखवावा, म्हणजे पुढच्या लेखापरीक्षणात तो कुठून आला हे वहीतच सापडते.